ॲक्टच्या पाच भावंडांपैकी नेमकं कुणाला बोलवायचं?

औषधाच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना एकदा मी 'ॲडव्हर्स रिॲक्शन'ला 'प्रतिकूल प्रतिक्रिया' लिहून मोकळा झालो. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात दोनच शब्द लिहिले होते: "कुणी दिली?" आधी हसू आलं, मग चूक कळली. मराठीत प्रतिक्रिया माणूस देतो, तीही बहुधा कुणी विचारल्यावर. अंगावर पित्त उठतं, ते काही प्रतिक्रिया देत नाही.

तेव्हापासून ॲक्शन, ॲक्टिव्ह, ॲक्टिव्हेट, ॲक्टर आणि रिॲक्शन ही पाच भावंडं समोर आली, की मी शब्दकोश उघडण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. इथे खरोखर काही घडतंय, की घडवण्याची नुसती क्षमता आहे? आणि ते घडवणारा कोण? पाचही शब्दांचे अर्थ याच दोन प्रश्नांवर फुटतात.

मूळ एकच आहे. लॅटिनमधल्या 'आगेरे' या क्रियापदाचा जुना अर्थ हाकणं, पुढे नेणं, आणि त्यावरून करणं. संस्कृतातला 'अज्' म्हणजे हाकणे हा धातू त्याचाच सख्खा. या क्रियापदापासून झालेलं 'आक्टुस' हे रोमन लोकांचं जमीन मोजायचं एक मापही होतं: बैल एका दमात नांगर ओढत जितकं जातील तितकं अंतर, म्हणजे 120 रोमन फूट, आजच्या हिशेबात साधारण 35 मीटर. मला हे माप फार आवडतं, कारण त्यात हाकणारा, हाकलं जाणारं जनावर आणि पार पडलेलं काम असं सगळंच आलं. पुढे या तीन गोष्टी वेगवेगळ्या शब्दांकडे गेल्या.

आधी ॲक्ट आणि ॲक्शन. ॲक्ट म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेलं एक कृत्य. म्हणून संसदेने मंजूर केलेला कायदाही ॲक्ट आणि नाटकाचा अंकही ॲक्ट. दोन्ही पूर्ण झालेले, मोजता येणारे तुकडे. ॲक्शनमध्ये करण्याची प्रक्रिया जास्त दिसते. इंग्रजीत 'टेक ॲक्शन' म्हणतात, 'टेक ॲक्ट' कुणी म्हणत नाही, ते त्यामुळेच. शिवाय रोमन कायद्यात 'आक्तिओ' म्हणजे दावा किंवा फिर्याद, आणि 'लीगल ॲक्शन'मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे.

मराठीत ॲक्शनसाठी दोन शब्द हाताशी असतात, आणि घोळ तिथेच होतो: कारवाई आणि कार्यवाही. पहिला कुणाच्या तरी विरुद्ध जातो, दुसरा काम पुढे सरकवतो. 'अर्जावर योग्य ती कारवाई करावी' असं लिहिलं, तर अर्ज करणाऱ्यालाच शिक्षा होणार की काय असं वाटतं. माझी चाचणी सोपी आहे: वाक्यात 'विरुद्ध' घालून पाहावं. नीट बसलं तर कारवाई, नाहीतर कार्यवाही. औषधाच्या बाबतीत मात्र दोन्ही चालत नाहीत. 'मोड ऑफ ॲक्शन' म्हणजे औषध शरीरात कसं काम करतं, आणि तसंच लिहावं.

खरी गुंतागुंत आहे ॲक्टिव्ह आणि ॲक्टिव्हेटमध्ये. ॲक्टिव्ह हे विशेषण आहे, पण ते आत्ता चालू असलेल्या कामाबद्दल बोलतंय की काम करण्याच्या तयारीबद्दल, हे संदर्भावरून ओळखावं लागतं. ॲक्टिव्ह ज्वालामुखीतून या क्षणी लाव्हा येत असेलच असं नाही. मराठीने त्याला 'जागृत' म्हटलं, हे फार छान केलं: जागा आहे, पण उठून बसला असेलच असं नाही. उलट 'ॲक्टिव्ह डिबेट' म्हटलं की वाद आत्ता रंगलेला असतो. तयारीच्या अर्थाला जागृत, क्षम असे शब्द जवळचे, आत्ता चालू असलेल्या कामाच्या अर्थाला सक्रिय.

ॲक्टिव्हेट हा शब्द ॲक्टपासून थेट नाही, तर ॲक्टिव्हपासून बनला आहे, आणि यातच त्याचा अर्थ लपलाय. ॲक्टिव्हेट करणारा स्वतः ते काम करत नाही. तो दुसऱ्या कशाला तरी काम करण्याजोगं बनवतो आणि बाजूला होतो. म्हणून 'खातं सक्रिय करा' हे भाषांतर चुकीचं नसलं तरी आखडलेलं वाटतं. 'खातं सुरू करा' म्हटलं की कुणालाही कळतं, आणि क्रियाही तीच राहते.

ॲक्टर सोडून बाकीचे चार शब्द एका औषधावर तपासून पाहू. एनालाप्रिल ही रक्तदाबाची गोळी. गोळीत जो पदार्थ असतो तो जवळजवळ निष्प्रभ असतो. पोटात गेल्यावर तो रक्तात येतो, आणि मुख्यतः यकृतात त्याचा एक तुकडा तुटून एनालाप्रिलाट तयार होतं. रक्तात एनालाप्रिलचं प्रमाण तासाभरात शिगेला पोचतं, पण एनालाप्रिलाटला तिथवर यायला तीन ते चार तास लागतात. मधल्या या तुटण्यालाच ॲक्टिव्हेशन म्हणतात. एनालाप्रिलाट हा ॲक्टिव्ह पदार्थ. रक्तवाहिन्या आकसवणारं एक रसायन तयार करणाऱ्या एन्झाइमला तो अडवतो, ही त्याची ॲक्शन. वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. आणि काही जणांना यातून चिवट कोरडा खोकला येतो, ती ॲडव्हर्स रिॲक्शन.

आता पत्रकात एनालाप्रिलसमोर 'ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट' छापलेलं असतं, तेव्हा काय करायचं? रसायनाच्या भाषेत ते ॲक्टिव्ह नाही, हे आत्ताच पाहिलं. पण इथे ॲक्टिव्हचा अर्थ 'गोळीतला औषधी भाग' एवढाच आहे. गोळीला आकार देणारी पिठूळ भर, रंग, वरचं आवरण सोडून जे उरतं ते. म्हणून मी तिथे 'औषधी घटक' लिहितो. 'सक्रिय घटक' लिहिलं आणि दोन ओळी खाली 'यकृतात सक्रिय होतो' असं आलं, तर शहाणा वाचक विचारणारच, की आधीच सक्रिय होता तो पुन्हा सक्रिय कसा झाला? इंग्रजी पत्रकात ही विसंगती खपून जाते, कारण तिथल्या वाचकाला ॲक्टिव्ह शब्दाची दोन तोंडं सवयीची असतात. मराठीत दोन शब्द वापरले तर विसंगती उरतच नाही.

जाता जाता, ॲक्टिव्ह व्हॉइसला 'कर्तरी प्रयोग' म्हणण्याची सवय शाळेपासून लागते, आणि ती फसवी आहे. 'मुलाने पत्र लिहिलं' हे वाक्य इंग्रजीत नेलं तर निखळ ॲक्टिव्ह व्हॉइस आहे. मराठी व्याकरणात मात्र तो कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद मुलाप्रमाणे नाही, पत्राप्रमाणे बदलतं: चिठ्ठी असती तर 'लिहिली' झालं असतं. इंग्रजी व्हॉइस पाहतो करणारा कुठे बसलाय. मराठी प्रयोग पाहतो क्रियापद कुणाचं ऐकतंय. त्यामुळे कुणी 'ॲक्टिव्ह व्हॉइसमध्ये लिहा' असं सांगितलं, तर मराठीत त्याचा अर्थ 'करणाऱ्याचं नाव लपवू नका' एवढाच घ्यावा. प्रयोग बदलत बसू नये.

ॲक्टरचं थोडक्यात उरकतो. इंग्रजीत या शब्दाचा 'करणारा' हा अर्थ जुना, आणि रंगमंचावरच्या नटाचा अर्थ नंतरचा. राजकारणाच्या आणि संगणक सुरक्षेच्या लिखाणात तो जुना अर्थ पुन्हा वर आला आहे. 'नॉन स्टेट ॲक्टर' म्हणजे सरकार नसलेली पण घडामोडींत हात असलेली संघटना किंवा गट. 'थ्रेट ॲक्टर' म्हणजे हल्लेखोर. अभिनेता तिथे कुठेच नाही. वाक्यात रंगमंच किंवा कॅमेरा नसेल, तर 'नट' आणि 'अभिनेता' दोन्ही विसरावे, आणि तो नेमका काय करतो ते पाहून शब्द द्यावा.

राहिली रिॲक्शन, पाचांतली सर्वांत खट्याळ. तिच्यातला 'रि' म्हणजे उलट, परत, 'पुन्हा' नव्हे. 'रिॲक्टिव्हेट'मध्ये मात्र तोच 'रि' पुन्हा या अर्थाने येतो. बंद पडलेलं खातं रिॲक्टिव्हेट करतात तेव्हा ते कुणाला उत्तर देत नसतं, नुसतं परत चालू होतं.

इंग्रजीने एकाच रिॲक्शनवर भागवलं, मराठीत विषयागणिक शब्द बदलतो. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेल्या तिसऱ्या नियमात ती प्रतिक्रिया. रसायनशास्त्रात अभिक्रिया. राजकारणात काळाचे काटे मागे फिरवू पाहणारा रिॲक्शनरी, तो प्रतिगामी. आणि बोलण्यात औषधाची सरळ 'रिॲक्शन आली'.

यांत न्यूटनची प्रतिक्रिया सगळ्यांत जास्त चकवते. रोजच्या बोलण्यात आधी कुणीतरी काही करतो, मग दुसऱ्याची प्रतिक्रिया येते. न्यूटनच्या नियमात आधी आणि मग असं काहीच नाही. तुम्ही भिंत ढकलता त्याच क्षणी भिंत तुम्हाला ढकलते, तितक्याच बलाने. यातल्या कुठल्या बलाला क्रिया म्हणायचं आणि कुठल्याला प्रतिक्रिया, हेही आपल्या सोयीचं. नावं उलटी केली तरी नियम तसाच राहतो. शिवाय ही दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, एक भिंतीवर आणि एक तुमच्यावर. म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत. 'प्रतिक्रिया' शब्दातला रोजचा अर्थ डोक्यात ठेवून हा नियम वाचला, की नेमकी हीच गोष्ट निसटते. रसायनशास्त्राने अभिक्रिया हा वेगळा शब्द घेतला ते बरंच झालं. दोन पदार्थ एकत्र येऊन तिसरं काही बनतं, तिथे कोण आधी आणि कोण उत्तरादाखल, हा प्रश्नच येत नाही.

तर माझं पत्रक. 'प्रतिकूल प्रतिक्रिया' खोडून आधी 'दुष्परिणाम' लिहिलं, पण तो शब्द इंग्रजी मजकुरातल्या 'साइड इफेक्ट'साठी दुसरीकडे आधीच खर्च झाला होता. शेवटी शीर्षक ठेवलं 'औषध न मानवल्यास', आणि खाली नामांची रांग न लावता साधी वाक्यं लिहिली: कोरडा खोकला येऊ शकतो, उठताना चक्कर येऊ शकते, ओठ किंवा चेहरा सुजला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. पत्रक दुसऱ्यांदा तपासून परत आलं, तेव्हा समास कोरा होता.