आठ महिने एकच युक्ती: ब्रिज कोमल धैवतावर नेऊन परत आणताना

ऑक्टोबरपासून मी गाण्यांत एकच युक्ती वापरते आहे. शेवटच्या कोरसच्या आधीचा ब्रिज स्केलच्या बाहेरच्या कॉर्डवर, म्हणजे कोमल धैवताच्या मेजर कॉर्डवर सुरू करायचा. पाच गाण्यांत करून पाहिलं. दोन ठिकाणी छान जमलं, एका ठिकाणी बरं, आणि दोन गाण्यांतून काढून टाकावं लागलं. सुरुवातीला जे अवघड वाटलं ते सोपं निघालं आणि ज्याकडे लक्षच दिलं नव्हतं तिथे तीन महिने गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा. ब्रिज म्हणजे तिसरा अंतरा नव्हे. आपल्याकडे अंतरे साधारण एकाच चालीत येतात आणि प्रत्येक अंतरा ध्रुवपदावर आणून सोडतो. ब्रिज गाण्यात बहुधा एकदाच येतो. त्याच्या आधी दोनदा ऐकलेला कोरस त्याच्यानंतर तिसऱ्यांदा येतो, तो वेगळा ऐकू यावा एवढंच त्याचं काम. मी दोन वर्षं ब्रिजच्या नावाखाली अंतरेच लिहीत होते, हे आता जुनी रेकॉर्डिंग ऐकताना कळतं.

ही युक्ती मला मिळाली ती 1983 च्या ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’मधून. कडवं चार साध्या कॉर्डवर फिरतं आणि ब्रिजमध्ये अचानक कोमल धैवताच्या आणि कोमल निषादाच्या मेजर कॉर्डवर जातं. वर्षानुवर्षं ऐकलेलं गाणं, पण तिथे नेमकं काय होतं ते गिटार हातात घेऊन शोधल्यावरच उमगलं.

माझं ज्या गाण्यात हे सर्वांत नीट बसलं त्याचं नाव ‘किल्ली’. पुनर्विकासात पाडलेल्या घराबद्दल आहे. जी मेजरमध्ये, वेग 84, कोरसला जी, डी, ई मायनर, सी. कोरसच्या ओळी अशा:

किल्ली अजून खिशात आहे,
दार कुठे गेलं?

पहिला ब्रिज मी ई मायनरवर सुरू केला होता, कारण दुःख म्हटलं की हात तिकडेच जातो. काहीच झालं नाही. ई मायनर कोरसमध्ये दोनदा येऊन गेलेला, कानाला त्याची सवय झालेली. शब्द सांगत होते की काहीतरी बदललंय आणि खालचे सूर म्हणत होते, कुठे काय?

मग ई फ्लॅट मेजर वाजवला. जी म्हणजे सा धरला तर जीच्या कॉर्डमध्ये सा, ग, प आहेत आणि ई फ्लॅटमध्ये सा, कोमल ग, कोमल ध. म्हणजे सा जागेवर, शुद्ध गंधार अर्धा स्वर खाली, पंचम अर्धा स्वर वर. गाणाऱ्याने सा तसाच लांब धरून ठेवला आणि खालून कॉर्ड बदलला, तर तोच सा नव्या कॉर्डचा गंधार होतो. आवाज हललेला नाही, पण तो आता दुसऱ्याच घरात उभा आहे. ही जागा पहिल्यांदा सापडली त्या रात्री मी ती वीसेक वेळा नुसतीच वाजवत बसले होते.

गिटारवर आणखी एक गोष्ट आपोआप होते. जी, डी, सी हे सगळे मोकळ्या तारांचे कॉर्ड. ई फ्लॅटसाठी मी सहाव्या फ्रेटवर आडवं बोट धरते, तिथे एकही तार मोकळी राहत नाही. नाद लगेच आखूड आणि कोरडा होतो. ‘किल्ली’ला ते फार उपयोगी पडलं.

आता काय बिघडलं ते. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ब्रिजची पहिली ओळ बेसूर वाटत होती. तीन दिवस मी आवाजाला दोष देत पुन्हापुन्हा गायले. दोष चालीत होता. कोरसच्या सवयीने माझी ओळ शुद्ध गंधारावर सुरू होत होती आणि खाली कॉर्डमध्ये कोमल गंधार वाजत होता. आवाज कितीही सुरात लावला तरी दोन गंधार शेजारीशेजारी घासणारच. कुणाला असा अनुभव आला तर आधी ओळीचा समेवरचा सूर कॉर्डमध्ये आहे का ते तपासा. मी ओळ सा वर आणली आणि शेवटाला कोमल निषादावरून कोमल धैवतावर उतरवली. प्रश्न मिटला.

दुसरी गंमत तानपुऱ्याची. मी सरावाला मोबाइलवर सा-पचा तानपुरा लावून बसते. ई फ्लॅटच्या कोमल धैवताला खालचा पंचम अर्ध्या स्वराने खेटतो. हळू आवाजात ते धूसर आणि गोड वाटतं, मोठ्याने वाजलं की गढूळ. शेवटी ब्रिजपुरता तानपुरा बंदच केला. तो थांबल्यावर जी पोकळी होते ती इतकी आवडली की रेकॉर्डिंगमध्येही तशीच ठेवली.

पण तीन महिने खाल्ले ते परतीने. पहिल्या आवृत्तीत मी ई फ्लॅट, एफ आणि तिथून थेट जीवर आले. कोमल ध, कोमल नि, सा अशी चढण. ऐकायला दणदणीत आणि तीच अडचण. ही चाल जिंकल्यासारखी वाटते, शिखरावर झेंडा रोवल्यासारखी. माझ्या हार्मोनियमवाल्या मित्राने ऐकून विचारलं, ‘‘अगं, घर परत मिळालं का शेवटी?’’ हसू आलं, पण त्याचं बरोबर होतं. माझ्या ब्रिजचे शब्द तेव्हा असे होते:

सही माझीच होती,
तारीखही मीच टाकली.
आई म्हणाली, वाचलंस ना सगळं?
मी म्हटलं, हो.

तोवर गाण्यातली मुलगी तक्रार करत असते. ब्रिजमध्ये ती कबूल करते की घर देण्यावर सही तिचीच आहे. मग ‘दार कुठे गेलं’ ही तीच ओळ परत येते तेव्हा तो प्रश्न राहत नाही, तिच्यावरच उलटतो. अशा ठिकाणी झेंडा रोवून चालणार नव्हतं. म्हणून एफ काढला. आता ब्रिज आठ बारांचा असा आहे:

```
E♭ | E♭ | Cm | Cm | E♭ | Cm | Dsus4 | D
```

यातली खुबी मला उशिरा दिसली. पहिल्या सातही कॉर्डमध्ये सा आहे. ई फ्लॅटमध्ये तो गंधाराच्या जागी, सी मायनरमध्ये पंचमाच्या, डी सस फोरमध्ये मध्यमाच्या. आठव्या बारला तो पहिल्यांदा सुटतो आणि शुद्ध निषादावर उतरतो. हा शुद्ध नि ब्रिजमध्ये तोपर्यंत कुठेच आलेला नव्हता. तो वाजला की कानाला जी हवासा वाटू लागतो आणि कोरस आपणहून येतो. ‘हो’ हा शब्द मी नेमका त्या निषादावर ठेवला. तेवढाच एक शब्द, बाकी बार रिकामा.

तो बार रिकामा ठेवायलाही धाडस लागलं. आधी तिथे कहोनवर भरगच्च तुकडा होता, कोरस येतोय रे अशी दवंडी पिटणारा. तो होता तोवर ‘हो’ कुणालाच ऐकू आलं नाही. आता आठव्या बारला ठेका थांबतो आणि शेवटच्या कोरसची पहिली ओळ नुसत्या गिटारवर येते. ठेका दुसऱ्या ओळीपासून. शेवटचा कोरस सर्वांत मोठा हवा या समजुतीपायी मी तो पूर्ण एक स्वर वर नेऊनही पाहिला होता. पण माझा वरचा सूर टोकाला जाऊन चिरकत होता, आणि कबुलीनंतर आवाज चढवणं खोटंही वाटत होतं. सोडून दिलं.

या वेगाला आठ बार म्हणजे जेमतेम 23 सेकंद. मी एकदा सोळा केले होते. तेव्हा कान ई फ्लॅटलाच घर समजू लागला आणि जी परत आल्यावर तोच परका वाटला. काही गाण्यांना ते हवंही असेल, याला नको होतं.

जिथे फसलं ती दोन गाणी. एक ए मायनरमध्ये होतं. मायनरमध्ये कोमल धैवत घरचाच असतो, त्याचा मेजर कॉर्ड म्हणजे एफ कडव्यात आधीच बसलेला. त्यावर ब्रिज सुरू करून कुणाला काय कळणार? तिथे उलटं करावं लागलं: डी मेजर घेतला, ज्यात शुद्ध धैवत येतो, आणि ई सेव्हनवरून परत आले. अंधाऱ्या खोलीत खिडकी किलकिली केल्यासारखं झालं. ती वेगळी युक्ती म्हणून चांगली आहे. दुसरं गाणं जी मेजरमध्येच होतं, पण कडव्यात मी हौसेने सी मायनर वापरून टाकला होता. म्हणजे कोमल धैवत दुसऱ्याच मिनिटाला खर्च झाला होता. ब्रिजला हातात काही उरलं नाही. आता ब्रिजसाठी कोणता सूर राखून ठेवायचा हे मी कडवं लिहितानाच वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवते.

बरं जमलेलं जे गाणं म्हटलं त्याची अडचण वेगळी. सूर बदलले पण शब्द तिथेच राहिले. कडव्यात पाऊस, कोरसमध्ये पाऊस, ब्रिजमध्ये आणखी जोरात पाऊस. ई फ्लॅट येतो तेव्हा ऐकणारा कान टवकारतो आणि त्याला जुनीच बातमी मिळते. त्याचे शब्द अजून सापडलेले नाहीत.

ब्रिज चालतोय की नाही हे बघायची माझी रीत साधी आहे. फोनवर दोन रेकॉर्डिंग करते, एक ब्रिजसह आणि एक दुसऱ्या कोरसवरून थेट शेवटच्या कोरसवर उडी मारणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींचा फक्त शेवटचा कोरस ऐकते. दोन्हीकडे तो सारखाच वाटला तर ब्रिज नुसता जागा अडवतोय. ‘किल्ली’त फरक ठळक होता. पावसाच्या गाण्यात ब्रिजशिवायचीच आवृत्ती जास्त आवडली, कबूल करते.

एक इशारा. सलग तीन गाण्यांत हे वापरल्यावर घरच्या बैठकीत तिसऱ्याच्या दुसऱ्या कोरसनंतर मित्र हार्मोनियमवरून मान वर करून म्हणाला, ‘‘आला बघ तुझा कोमल ध.’’ तेव्हापासून दर दोन गाण्यांमागे एकदाच. सध्याच्या गाण्याचा ब्रिज सी मेजरवर सुरू होतो, साधा मध्यमावरचा कॉर्ड. कोरसमध्ये तो मुद्दाम येऊ दिलेला नाही. परतीचं अजून ठरत नाहीये, सातव्या बारपाशी अडकले आहे.