महिन्याची सरासरी की फुल टाकी?

सोलापुरातल्या आमच्या टेम्पोचं डिझेल मी दोन्ही पद्धतींनी तपासलं. लॉगबुकात महिन्याचे 2,400 किलोमीटर, पावत्या 200 लिटरच्या, सरासरी 12. दर महिन्याला तेवढीच, म्हणून कुणालाच शंका नव्हती. पण चोरीही दर महिन्याला सारखीच होत असेल, तर ही सरासरी ती झाकूनच ठेवते.

मग टाकी फुल केली. नेहमीचा माल घेऊन पंढरपूरला जाऊन-येऊन 150 किलोमीटर झाले. त्याच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत पुन्हा भरलं, तर 10 लिटर बसलं. म्हणजे सरासरी 15; महिन्याला 160 लिटर पुरायला हवं. उरलेल्या 40 लिटरचं काय?

तरी एका फेरीवरून चालकाला दोषी धरू नये, शहरातल्या गर्दीत डिझेल जास्तच लागतं. तिथल्या फेऱ्याही अशाच मोजून मगच जाब विचारावा.