बँकेचं रोजचं व्याज की पोस्टाची दहा तारीख?

सोयाबीनचा चुकारा आला की तो बँकेच्या बचत खात्यात ठेवावा की पोस्टाच्या, हा प्रश्न आपल्याकडे दर हंगामाला निघतो. नुसता दर पाहिला तर विचार करायचं कारणच नाही. पोस्टाच्या बचत खात्यावर डिसेंबर 2011 पासून 4 टक्के व्याज आहे, आणि मोठ्या बँकांचा दर 2025 च्या कपातीनंतर अडीच टक्क्यांवर आला आहे. पण दर किती आहे याइतकंच तो कोणत्या शिल्लकीला लावतात हेही पाहावं लागतं, आणि तिथे दोघांचा हिशोब पार वेगळा आहे.

बँक रोज रात्री दिवसाचा व्यवहार बंद होतानाची शिल्लक धरते. सकाळी आलेले पैसे संध्याकाळच्या आत काढले तर त्यांची गणतीच नाही. पैसे जमा झाल्याचा दिवस व्याजात येतो, काढल्याचा दिवस येत नाही. अशा रोजच्या शिल्लकींची बेरीज करायची, तिला दराने गुणायचं आणि 36500 ने भागायचं, एवढंच गणित.

पोस्टात महिन्याला एकच आकडा धरतात: 10 तारखेचा व्यवहार बंद झाल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक राहिली ती. त्या आकड्यावर पूर्ण महिन्याचं व्याज मिळतं, बाकीच्या रकमेवर काही नाही. बँकांमध्येही 31 मार्च 2010 पर्यंत हीच पद्धत होती. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिल्लकीवर व्याज सक्तीचं केलं, पोस्ट मात्र जुन्याच पद्धतीवर राहिलं.

आता एक नेहमीचं उदाहरण घेऊ. खात्यात आधीचे 2,000 रुपये आहेत. 12 नोव्हेंबरला सोयाबीनचे 80,000 जमा झाले. 20 डिसेंबरला कृषी केंद्राची उधारी फेडायला 50,000 काढले. 28 जानेवारीला कापूस वेचणीच्या मजुरीसाठी 27,000 काढले आणि 5,000 उरले.

पोस्टात नोव्हेंबरची कमीत कमी शिल्लक 2,000 धरली जाईल, कारण 10 आणि 11 तारखेला खात्यात तेवढेच होते. 80,000 रुपये एकोणीस दिवस पडून राहिले, त्यांचा एक पैसाही धरला जात नाही. डिसेंबरला 32,000 आणि जानेवारीला 5,000 धरले जातात. चार टक्क्यांनी तीन महिन्यांचे 6.67, 106.67 आणि 16.67, म्हणजे एकूण 130 रुपये.

बँकेत 1 ते 11 नोव्हेंबर असे 11 दिवस 2,000. मग 12 नोव्हेंबर ते 19 डिसेंबर असे 38 दिवस 82,000. पुढे 27 जानेवारीपर्यंत 39 दिवस 32,000, आणि शेवटचे 4 दिवस 5,000. रोजच्या शिल्लकींची बेरीज 44,06,000 होते. तिला अडीचने गुणून 36500 ने भागलं की 301.78, म्हणजे 302 रुपये. दर कमी असूनही दुपटीहून जास्त. डिसेंबरअखेर जमा होणारं व्याज यात मुद्दाम धरलेलं नाही, त्याने साधारण पन्नास पैशांचाच फरक पडतो.

पोस्टाला बोल लावण्याआधी दुसरी बाजूही सांगायला हवी. हेच 50,000 रुपये 20 डिसेंबरऐवजी 1 जानेवारीला काढले, आणि मजुरीचे 28 जानेवारीऐवजी 1 फेब्रुवारीला, तर पोस्टाचं व्याज 386.67 होतं आणि बँक मागे पडते. पोस्टात 1 तारखेला पैसे काढून 10 तारखेच्या आत परत भरले, तर व्याजाला धक्काही लागत नाही. म्हणजे ज्याला तारखा सांभाळता येतात, त्याला ही पद्धत उलट फायद्याची. आणि 80,000 रुपये वर्षभर हातच लावला नाही, तर पोस्टाचे 3,200 होतात आणि बँकेचे जेमतेम 2,019. तिथे वादच नाही.

पण उधारीवाला 1 तारखेपर्यंत थांबत नाही, आणि वेचणीची मजुरी तर आठवडी बाजाराच्या दिवशीच द्यावी लागते. शेतातला पैसा महिन्याच्या मधेच येतो आणि मधेच जातो. पोस्टात त्याची शिक्षा दोन्हीकडून होते: 11 तारखेला आला तर तो महिना बुडाला, 30 तारखेला काढला तरी तो महिना बुडाला. एका दिवसाच्या उशिराने महिन्याचं व्याज जाणं, हे मला फार खटकतं. बाकी सगळं सारखं असतं तरी एवढ्यावरूनच मी चालता पैसा बँकेत ठेवला असता, आणि तो तिथेच आहे.

व्याज कधी जमा होतं, याचा मात्र गाजावाजा जास्त होतो. बँकांना किमान दर तिमाहीला व्याज जमा करावं लागतं, काही बँका दर महिन्यालाही करतात. पोस्ट वर्षातून एकदाच, 31 मार्चला. तिमाही म्हणजे व्याजावर व्याज हे खरं, पण वरच्या 80,000 वर वर्षभरात त्याने फक्त 19 रुपये वाढतात. बँकेने एसएमएसचे किंवा एटीएम कार्डाचे पैसे कापले की ते तसेच निघून जातात, म्हणून खातं उघडताना ही कपात आधी विचारावी. तिमाही व्याजाचा मला दिसणारा खरा उपयोग वेगळा आहे: तीन महिन्यांच्या नोंदी समोर असतात, तेवढ्यातच पडताळा घेता येतो. पोस्टाचा वर्षभराचा आकडा एप्रिलमध्ये पासबुक छापल्यावर दिसतो, आणि तोवर कोणत्या महिन्यात काय धरलं हे शोधायला बारा महिने मागे जावं लागतं.

पडताळा घेताना आकडा जुळत नसेल, तर बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. एकाच तारखेला दोन-तीन नोंदी असतील तर फक्त शेवटची शिल्लक धरायची, मधल्या नाही. चेक भरल्याचा दिवस नव्हे, तर चेकचे पैसे खात्यात पडल्याचा दिवस धरायचा. आणि तिमाहीच्या मधेच दर बदलला असेल तर बेरजेचे दोन तुकडे करायचे, जुन्या दराचा एक आणि नव्या दराचा एक. 2025 च्या जूनच्या तिमाहीत पुष्कळांचा हिशोब यातच चुकला असणार, कारण स्टेट बँकेसारख्या बँकेने त्याच महिन्याच्या मध्यावर दर उतरवला. एवढं करूनही रुपया-दोन रुपयांहून जास्त फरक राहिला, तर हाताने केलेली बेरीज शाखेत दाखवून कोणत्या तारखेपासून कोणती शिल्लक धरली ते लिहून मागावं.

पोस्टातलं खातं बंद करायला मी कुणाला सांगणार नाही. मुलीच्या लग्नाचा किंवा पुढच्या पेरणीचा, म्हणजे चार-सहा महिने ज्याला हात लागणार नाही असा पैसा 10 तारखेच्या आत तिथे टाकावा आणि काढायचा झाला तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काढावा. गावातल्या शाखा डाकघरात एका दिवसात किती रक्कम मिळते ते आधी विचारून ठेवावं, नाहीतर एकाच कामासाठी दोन-तीन फेऱ्या होतात. आणि खातं बंदच करायचं असेल तर तेही महिना संपल्यावर, 1 तारखेनंतर करावं, कारण ज्या महिन्यात बंद कराल त्याच्या आधीच्या महिन्यापर्यंतचंच व्याज मिळतं.