चेहराबदलासाठी कोणता शोधक: एमटीसीएनएन की एससीआरएफडी?

एमटीसीएनएन एकच फ्रेम निरनिराळ्या मापांत तपासतो, त्यामुळे गर्दीतले बारीक चेहरेही पकडतो. पण मोठ्या फ्रेमवर रेंगाळतो. मी एससीआरएफडी निवडला. तो वेगवान आहे, फक्त मेख `det_size` मध्ये, म्हणजे फ्रेम ज्या मापावर आणून तपासली जाते त्यात आहे. ३८४० पिक्सेल रुंद फ्रेम ६४० वर आणली की ६० पिक्सेलचा चेहरा जेमतेम १० चा उरतो आणि निसटतो. १२८० ठेवलं तर २० चा राहतो, वेळ मात्र वाढतो.

आडव्या चेहऱ्यावर दोघेही डगमगतात. फ्रेम ९० अंशांत फिरवून पुन्हा शोधावं लागतं.

तोंडावर हात असेल तर फसगत होते. चेहऱ्याभोवतीची चौकट अचूक दिसते, पण ओठांचे कोपरे दोघेही अंदाजानेच देतात. म्हणून दोन डोळे, नाक आणि ओठांचे दोन कोपरे हे पाचही बिंदू फ्रेमवर काढून पाहा. आणि बिंदू बरोबर असले तरी हाताचा भाग वगळणारा वेगळा मुखवटा लावला नाही, तर नवे ओठ थेट बोटांवर उमटतात!