ट्रेडमिलचा वेग तपासताना: पट्टा रिकामा की वर धावणारा?

पट्ट्याची लांबी गुणिले फेऱ्या, भागिले सेकंद, गुणिले 3.6, की ताशी किलोमीटर मिळतात. दोन्ही पद्धतींत गणित हेच.

घरच्या मशीनची वीज बंद करून पट्टा हाताने सरकवत टेपने मोजला: 2.80 मीटर. कडेला पांढरी चिकटपट्टी लावली. स्क्रीनवर 10 ठेवून पट्टा रिकामा फिरवला. 20 फेऱ्यांना 20.2 सेकंद, म्हणजे 9.98. एकट्याने, दोन मिनिटांत होणारं काम. फक्त घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हटलं तर प्रत्यक्षात 19 फेऱ्याच मोजल्या जातात आणि वेग पाच टक्के जास्त दिसतो.

मग मी धावलो आणि बायकोने बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घेतला, कारण पाय मध्ये येत असताना नजरेने खूण पकडणं अवघड जातं. त्याच 20 फेऱ्यांना 20.9 सेकंद लागले. वेग 9.65! सहा मिनिटांचा किलोमीटर खरं तर सहा मिनिटं तेरा सेकंदांचा होता.

रिकाम्या चाचणीत हे कधीच दिसलं नसतं. पाऊल पडलं की घर्षण वाढतं. पट्टा सैल असेल तर रोलरवर घसरतो, खालची फळी कोरडी असेल तर मोटरवर ताण येतो. म्हणून सरावाचा वेग ठरवायला मी धावतानाचाच आकडा धरतो. रिकामी चाचणी मात्र दोष शोधायला हवी: तिथेही वेग तितकाच चुकला, तर दोष बहुधा स्क्रीनच्या कॅलिब्रेशनमध्ये असतो.