सात महिने वापरलेलं रेणूंचं मॉडेल किट: फोटोतल्या एका प्रश्नाने ते वसूल झालं

शाहूपुरीत बारावीच्या मुलांना मी केमिस्ट्री शिकवते. जूनमध्ये रेणूंचं मॉडेल किट घेतलं. काळे कार्बन, पांढरे हायड्रोजन, हिरवे क्लोरिन, लाल ऑक्सिजन आणि जोडायला राखाडी नळ्या. तेव्हापासून जवळजवळ रोज ते टेबलावर आहे. सात महिन्यांनी सांगण्यासारखं बरंच आहे, पण सगळ्यात जास्त ते एकाच प्रकारच्या प्रश्नाला उपयोगी पडतं, म्हणून तोच प्रश्न सविस्तर सांगते.

मुलं रात्री प्रश्नाचा फोटो पाठवतात. नोव्हेंबरमध्ये एका विद्यार्थिनीचा असाच फोटो आला. षटकोनी वलय, शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांपैकी एकावर Cl, दुसऱ्यावर नुसती जाड रेघ, म्हणजे मिथाइल गट. बाणावर alc. KOH, म्हणजे अल्कोहोलमधलं KOH, आणि उष्णतेचा त्रिकोण. मुख्य उत्पादन ओळखा. तिने 1-मिथाइलसायक्लोहेक्सीन लिहिलं होतं, आन्सर की म्हणत होती 3-मिथाइलसायक्लोहेक्सीन. खाली मेसेज होता, "मॅडम, की चुकलीय का ओ? झाइत्सेव्हच्या नियमानं तर माझंच बरोबर येतंय."

तिचा विचार चुकीचा नव्हता. Cl आणि शेजारच्या कार्बनवरचा H निघून दुहेरी बंध तयार होतो आणि झाइत्सेव्हच्या नियमाप्रमाणे जास्त फांद्या असलेला अल्कीन मुख्य ठरतो. मिथाइल असलेल्या कार्बनवरचा H गेला तर 1-मिथाइल मिळतो. त्यामुळे आधी मीही कीवरच संशय घेतला.

मग फोटो मोठा करून पाहिला. मिथाइलची रेघ एका टोकाला रुंद होती, म्हणजे ती पाचर, कागदातून आपल्याकडे येणारा बंध. Cl ची रेघ मात्र फिकट आणि साधी दिसत होती. इथे थांबायला हवं. शेजारच्या दोन कोपऱ्यांपैकी एकाला पाचर दाखवली आणि दुसरा साधा ठेवला, तर दोन्ही गट एकाच बाजूला म्हणजे सिस, की विरुद्ध बाजूंना म्हणजे ट्रान्स, हे ठरतच नाही, आणि प्रश्न काढणारा असं सहसा करत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स आणि त्यावर ट्यूबलाइटखाली तिरका काढलेला फोटो यात तुटक रेघ, म्हणजे कागदामागे जाणारा बंध, सगळ्यात आधी हरवते. मी तिला सांगितलं, "उद्या सकाळी खिडकीशी धरून सरळ वरून काढ गं." दुसऱ्या फोटोत Cl च्या रेघेतले चार बारीक तुकडे स्वच्छ दिसले. म्हणजे Cl मागे, मिथाइल पुढे: ट्रान्स.

फोटो तिरका किंवा उलटा असला तरी पाचरेची पाचरच राहते, आणि आरशासारखा उलटलेला फोटोही सिसचं ट्रान्स करत नाही. धोका फक्त पुसट रेघेचा आणि बाणावरच्या बारीक अक्षरांचा. alc. आणि aq. यांत फोटोत नीट न दिसणाऱ्या एकदोन अक्षरांचाच फरक असतो, आणि aq. KOH, म्हणजे पाण्यातलं KOH, असेल तर पुस्तकातलं उत्तर अल्कीन नसून अल्कोहोल.

संध्याकाळी ती क्लासला आली तेव्हा किट काढलं. पूर्ण रेणूला तेरा हायड्रोजन लागतात. तेवढे लावत बसू नका. Cl चा कार्बन आणि त्याचे दोन शेजारी, एवढ्यांवरचे चार हायड्रोजन पुरतात. सहा काळे गोळे जोडले की वलय सपाट बसतच नाही, खुर्चीसारखं दुमडतं. ते टेबलावर तिपाईसारखं तीन पायांवर ठेवलं की सरळ उभे बंध एकाआड एक वर-खाली जाताना दिसतात. ते अ‍ॅक्सियल. बाजूला पसरलेले इक्वेटोरियल. बाहेर निघणारा H आणि Cl एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशेला असले पाहिजेत, कारण C–H बंधातले इलेक्ट्रॉन Cl च्या पाठीमागच्या बाजूने शिरून त्याला ढकलतात. खुर्चीत हे फक्त दोन्ही अ‍ॅक्सियल असतानाच जमतं.

ट्रान्स रेणू जोडला तर Cl आणि मिथाइल दोन्ही आरामात इक्वेटोरियल बसले. या अवस्थेत काहीच होत नाही. मग तिने एक टोक दाबलं, दुसरं उचललं, आणि खुर्ची उलटली. आता दोन्ही गट अ‍ॅक्सियल उभे. वरचा गट उलटल्यावरही वरच राहतो, फक्त बाजूचा होता तो उभा होतो. मुलं इथेच चुकतात आणि वरच्याला खाली करून टाकतात.

आता Cl ला सरळ वर धरलं. मिथाइलच्या कार्बनवर सरळ खाली जाणारी जागा मिथाइलनेच अडवली होती, तिथला H बाजूला, Cl शी साधारण 60 अंशांवर. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याचा H मात्र सरळ खाली. तिने बोट ठेवून म्हटलं, "म्हणजे हाच एक जाऊ शकतोय." तोच गेला. दुहेरी बंध मिथाइलपासून दूरच्या बाजूला झाला, आणि दुहेरी बंधापासून आकडे घातले की मिथाइल तिसऱ्या कार्बनवर येतं. की बरोबर होती.

मग एका कार्बनवरचा H आणि मिथाइल अदलाबदल करून सिस केलं. Cl अ‍ॅक्सियल, मिथाइल इक्वेटोरियल, आणि त्याच कार्बनवरचा H सरळ खाली. दोन्ही बाजूंचे H उपलब्ध, त्यामुळे झाइत्सेव्हचा नियम चालतो आणि 1-मिथाइल मुख्य. एक पुसट रेघ, दोन वेगळी उत्तरं. पुदिन्यातल्या मेंथॉलपासून बनणाऱ्या मेंथिल क्लोराइडचीही हीच अडचण आहे. त्याला अवघडलेली खुर्ची घ्यावी लागते, आणि त्याचा भाऊ निओमेंथिल क्लोराइड त्याच्या सुमारे 200 पट वेगाने अभिक्रिया देतो.

आता किटच्या मर्यादा. बाणावर काय लिहिलंय हे किटला कळत नाही. डिसेंबरमध्ये दोन मुलांनी 2-मिथाइलसायक्लोहेक्सॅनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाच्या प्रश्नाला हीच खुर्ची जोडली आणि मन लावून चुकीचं उत्तर काढलं. तिथे पाणी आधी निघून कार्बोकॅटायन बनतो, समोरासमोरची अट लागू होत नाही, आणि मुख्य उत्पादन 1-मिथाइलच धरायचं. प्रबळ बेस असेल तरच हे किट बाहेर काढा.

वस्तू म्हणून सांगायचं तर खुर्ची उलटताना सुरुवातीला नळ्या फार घट्ट होत्या, जोर लावल्यावर वलय होडीच्या आकारात अडकायचं. तीन पायांवर टेकत नसेल तर ती होडी, परत जोडा. ऑक्टोबरपर्यंत नळ्या सैल झाल्या आणि ते बरं झालं, पण पांढरे गोळे आता हलवलं की गळून पडतात. दोन काळ्या गोळ्यांच्या भोकांना तडे गेलेत. हिरवे गोळे दोनच येतात, एक मुलांनी हरवला, मी लाल गोळ्यावर हिरवा टेप लावून चालवते. घेणार असाल तर सुट्ट्या नळ्या वेगळ्या मिळतात का ते दुकानात आधी विचारा, आमच्या तेवीस मोडल्या आहेत.