शेजारच्या टीव्हीसाठी आतून उभी केलेली दुसरी भिंत: नऊ महिन्यांनंतर

आमचा फ्लॅट पुण्यात आहे. आईची खोली आणि शेजारच्या काकांचा हॉल यांच्यामध्ये एकच 4 इंची विटांची भिंत. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्ही मोठा असतो. आवाज कमी करा असं त्यांना किती वेळा सांगणार? बातम्यांतलं वाक्यन् वाक्य आईला अंथरुणात ऐकू यायचं. रात्री साडेअकरापर्यंत झोप नाही, आणि सकाळी बीपी वाढलेलं.

आधी मी भिंतीवर खाचांचा फोम चिकटवला. पैसे फुकट गेले. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो; भिंतीतून येणाऱ्या आवाजाला अडवायला वजन लागतं, आणि फोममध्ये वजन कुठलं?

मग एका फॉल्स सीलिंगवाल्याने सुचवलं की भिंतीवर 12 मिमीच्या लाकडी पट्ट्या ठोकू आणि वर एक जिप्सम बोर्ड मारू. मी नको म्हटलं, आणि ते बरंच झालं. पट्ट्यांमधून आवाज थेट बोर्डात जातोच. शिवाय बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये अडकलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. त्या स्प्रिंगवर बोर्ड एका ठरावीक सुराला जोरात थरथरतो, आणि त्या सुराला नुसत्या भिंतीपेक्षाही जास्त आवाज आत येतो. एकच हलका बोर्ड आणि 12 मिमी पोकळी असेल तर हा सूर 180 हर्ट्झच्या आसपास पडतो. पुरुषी आवाजाचा भरदारपणा साधारण तिथेच असतो. बोर्ड जड केला आणि पोकळी वाढवली, की तो खाली सरकतो.

म्हणून शेवटी जुन्या भिंतीला कुठेही न टेकणारी भिंत केली. भिंतीपासून 25 मिमी जागा सोडली आणि 50 मिमीच्या जीआय स्टडचा, म्हणजे पत्र्याच्या उभ्या खांबांचा, सांगाडा फक्त फरशी आणि छताला धरून उभा केला. स्टड ज्यात बसतात त्या वरच्या-खालच्या आडव्या चॅनल आणि छत-फरशी यांच्यामध्ये निओप्रीन रबराची पट्टी घातली, स्टडमध्ये 50 मिमी रॉकवूल भरलं. वर 12.5 मिमीचे जिप्सम बोर्ड, दोन थर, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ न देता. कडेने सगळीकडे 5 मिमी फट ठेवून ती कायम मऊ राहणाऱ्या सीलंटने भरली; पुट्टी तडकते, आणि तडकलेल्या रेघेतून आवाज येतो. पोकळी एकूण 75 मिमी झाली, त्यामुळे तो थरथरीचा सूर आता 50 हर्ट्झच्या जवळ आहे. खोलीची 4 इंच जागा गेली.

काम संपलं त्या रात्री मी भिंतीला कान लावला आणि मन खट्टू झालं. फरक होता, पण शब्द अजून कळत होते. दुसऱ्या दिवशी आईचं बीपी मोजायचा स्टेथोस्कोप घेतला आणि काकांचा टीव्ही चालू असताना बोर्डवर वीतभर अंतराने टेकवत गेलो. बहुतेक ठिकाणी नुसती गुणगुण होती. कपाटाच्या उंचीवर दोन जागी मात्र निवेदक कानात बोलावा इतका स्पष्ट! मिस्त्रींना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, स्टड हलत होता, म्हणून मागच्या भिंतीला क्लॅम्प मारले." दोनच क्लॅम्प, पण त्यांच्यातून आवाज सरळ बोर्डात उतरत होता. बोर्ड कापून क्लॅम्प काढले, स्टडला आतून आडवा आधार दिला. त्या रात्री आई दहाला झोपली.

आता नऊ महिने झाले. टीव्ही चालू आहे हे कळतं, पण शब्द लागत नाहीत. क्रिकेटच्या सामन्याला खालचा घुमारा अजून जाणवतो. उरलेला बराच आवाज स्लॅब आणि बाजूच्या भिंतींतून वळसा घालून येतो, आणि तो या भिंतीने कमी होणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या होत्या, तेव्हा आवाज बाहेरूनच आला. खिडकी लावून पंखा चालवला की पुन्हा शांत. या भिंतीवर काही टांगायचं तर स्क्रू बोर्डापुरताच हवा. मागच्या विटांपर्यंत गेला, तर तोच क्लॅम्पचा प्रकार.

वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या आणि खलबत्त्याला या भिंतीचा काहीच उपयोग नाही. तो दणका थेट स्लॅबमध्ये बसतो, त्यामुळे मऊ थर वरच, दणका बसतो तिथे घालावा लागतो. वरच्या वहिनींना मी खुर्च्यांना लावायला फेल्टच्या चकत्या आणि खलबत्त्याखाली घ्यायला जाड रबरी चटई दिली. खुर्च्यांचं ओढणं जवळपास बंद झालं, खलबत्ता निम्म्यावर आला. दिवाळीनंतर त्या स्वयंपाकघराची फरशी बदलणार आहेत. खाली रबराचा थर आणि भिंतीच्या कडेने त्याचीच उभी पट्टी घालायला त्या तयार झाल्यात. रोलचे पैसे मी देणार आहे, आणि स्कर्टिंग फरशीला टेकू न देता मध्ये सीलंट भरलंय ना, हे बघायला स्वतः वर जाऊन उभा राहणार आहे.